कमी दिसणाऱ्या माणसासाठी टीव्ही कसा लावून द्यायचा: हाय कॉन्ट्रास्ट, झूम आणि बोलणारा मेनू

माझ्या मावशीला मॅक्युलर डिजनरेशन आहे. म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, कडेकडेचं बरं दिसतं पण जिथे नेमकं बघायचं तिथेच धुरकट डाग येतो. टीव्हीवर माणूस बोलत असला तर त्याचे खांदे दिसतात, मागची भिंत दिसते आणि चेहरा गायब. मेनू वाचणं तर दूरच. त्यामुळे घरातलं कोणी जे लावून जाईल तेच ती ऐकत बसायची, चॅनल बदलून मागायला तिला संकोच वाटायचा. मी एक दिवस बसून तिच्या टीव्हीची सेटिंग लावली आणि त्यात माझा सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीत वाया गेला, ती तुम्हाला आधीच सांगते म्हणजे तुमचा जाणार नाही.

टीव्हीच्या Accessibility मेनूत मेनू वाचायच्या कामाचं जे असतं, हाय कॉन्ट्रास्ट म्हणा, मोठी अक्षरं म्हणा, मेनू बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर म्हणा, ते फक्त टीव्ही स्वतः जे स्क्रीनवर काढतो त्यालाच लागू होतं. म्हणजे टीव्हीचं होम पेज, टीव्हीचं सेटिंग, आवाजाची पट्टी, टीव्हीत असलेली अ‍ॅप. एचडीएमआयच्या वायरीतून सेट टॉप बॉक्सचं जे येतं ते टीव्हीच्या दृष्टीने नुसतं चित्र असतं, त्यात चॅनलची नावं लिहिलीत का झाडं आहेत हे त्याला कळत नाही. त्यामुळे टीव्हीचा स्क्रीन रीडर चालू असला तरी बॉक्सची चॅनल लिस्ट उघडली की तो गप्प बसतो. मी अर्धा तास हे बिघडलंय समजून टीव्ही बंद चालू करत होते.

ओळखायचं कसं, तर अगदी सोपं आहे. टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटचं होमचं बटन दाबा. जे दिसेल ते टीव्हीचं. दुसऱ्या रिमोटने जे हलतं ते दुसऱ्या डब्याचं, त्याची सेटिंग त्या डब्यातच शोधायची, आणि कित्येक साध्या बॉक्समध्ये ती नसतातच. तसं असेल तर त्या माणसाला जे बघायचंय ते टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपमध्ये मिळतंय का ते बघा, किंवा स्वतःचा स्क्रीन रीडर असलेली स्ट्रीमिंग स्टिक लावा. मावशीच्या बाबतीत आम्ही हेच केलं, बॉक्स ठेवला पण तिच्या रोजच्या तीन गोष्टी टीव्हीच्या होम पेजवर आणून ठेवल्या.

आता क्रमाने. आणि हा क्रम मुद्दाम असा आहे, कारण बरेच जण थेट स्क्रीन रीडर चालू करतात, टीव्ही अखंड बोलायला लागतो, त्या माणसाला थोडंफार दिसत असतं ते वापरलंच जात नाही आणि दोन दिवसात कंटाळून सगळं बंद होतं.

आधी खुर्ची हलवा

हे सेटिंग नाही पण यासारखा झूम दुसरा नाही. टीव्हीपासूनचं अंतर निम्मं केलं की डोळ्याला सगळं दुप्पट मोठं दिसतं. मावशीचा टीव्ही 43 इंची, ती बसायची साधारण 3 मीटरवर. खुर्ची दीड मीटरवर आणली तेव्हा तिला जेवढं मोठं दिसायला लागलं तेवढं जुन्या जागेवरून दिसायला 86 इंची टीव्ही लागला असता. वर यात चित्राची कड कापली जात नाही, सबटायटल पळत नाहीत, कुठलं बटन लक्षात ठेवावं लागत नाही. जवळून टीव्ही बघितला की डोळे खराब होतात असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं, मावशीही तेच म्हणाली, "अगं इतक्या जवळ बसून आणखी जायचे डोळे." तसं होत नाही, जवळ बसल्याने हा आजार वाढत नाही. फार तर डोळ्यांना थकवा येईल, मग जरा वेळ मिटून बसायचं.

जवळ बसल्यावर एक लक्षात आलं की ती सरळ स्क्रीनच्या मध्ये बघतच नव्हती, मान जराशी वळवून वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होती. तसं केलं की डाग बाजूला सरकतो आणि चेहरा कडेच्या चांगल्या भागात येतो. हे ती आपली आपण शिकली होती. तर खुर्ची ठेवताना त्या माणसाला विचारा की कुठून बरं दिसतंय, थोडी डावीकडे उजवीकडे सरकवून बघा, आपण मधोमध ठेवून मोकळे होऊ नका. आणि टीव्ही बंद करून काळ्या स्क्रीनकडे बघा, खिडकी किंवा दिवा त्यात चमकताना दिसला तर तेवढ्या भागात कॉन्ट्रास्ट मेलाच समजा. पडदा ओढा किंवा दिव्याची जागा बदला.

एक अपवाद मात्र आहे. काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये उलटं होतं, मधलं दिसतं आणि कडेचं जातं, जणू नळीतून बघतोय. अशा माणसाला जवळ बसवलं किंवा झूम केलं तर त्या नळीत चित्राचा आणखी छोटा तुकडा मावतो. त्यांना उलट थोडं लांब बसून कॉन्ट्रास्ट वाढवलेला जास्त उपयोगी पडतो. म्हणून झूमच्या मागे लागण्याआधी नेमकं काय दिसत नाही हे एकदा विचारून घ्या.

मग हाय कॉन्ट्रास्ट आणि अक्षरांचा आकार

गूगल टीव्ही असेल तर Settings मध्ये System आणि त्यात Accessibility. जुन्या अँड्रॉइड टीव्हीवर System च्या जागी Device Preferences असतं. सॅमसंगवर Settings, All Settings, General & Privacy, Accessibility. एलजीवर नव्या मॉडेलमध्ये All Settings मध्ये थेट Accessibility, जुन्यात General च्या आत. फायर टीव्हीवर आणि अ‍ॅपल टीव्हीवर Settings उघडलं की Accessibility समोरच सापडतं.

एवढं खोल जायचा कंटाळा असेल तर शॉर्टकट आहेत. सॅमसंगच्या रिमोटवर आवाजाचं बटन दाबून धरलं की या सेटिंगची छोटी यादी येते. एलजीवर म्यूटचं बटन दाबून धरलं की येते. हे दोन शॉर्टकट ज्याच्यासाठी लावताय त्यालाच शिकवून ठेवा, कारण दिवसा उजेडात वेगळं आणि रात्री वेगळं लागतं.

सॅमसंग आणि एलजीवर High Contrast चालू केलं की मेनूच्या मागचं अर्धपारदर्शक जे असतं, ज्यातून मागचा कार्यक्रम हलताना दिसतो, ते जाऊन ठोस गडद होतं आणि वर पांढरी अक्षरं येतात. खरा फायदा त्या पारदर्शकपणा जाण्याचा आहे. डोळस माणसाला ते जाणवतही नाही पण मावशीला मागे काही हललं की वरचं अक्षर पूर्ण विरून जायचं. गूगल टीव्हीवर High contrast text असतं, ते फक्त अक्षरांपुरतं आहे, त्यामुळे फरक तेवढा मोठा दिसत नाही, दिसला नाही तर आपलंच काही चुकलं असं समजू नका.

अक्षरं मोठी करायला सॅमसंगवर Enlarge आहे आणि नव्या गूगल टीव्हीवर Text scaling. एकदम सगळ्यात मोठं करू नका, एक एक पायरी चढवा आणि प्रत्येक पायरीला त्या माणसाला एखादी ओळ वाचायला सांगा. फार मोठं केलं की नावं अर्धीच दिसतात, पुढचं कापलं जातं, आणि मग दोन कार्यक्रमांची सुरुवात सारखी असेल तर कुठला कोणता ते कळत नाही.

आणि हे सगळं झाल्यावर लोक विचारतात की चित्र तर तसंच आहे. हो, तसंच राहणार. हाय कॉन्ट्रास्ट मेनूचा असतो, सिनेमाचा नाही. चित्रासाठी वेगळं, Picture मध्ये जाऊन चित्राचा मोड बदलायचा. Vivid किंवा Dynamic नावाचा मोड एरवी भडक म्हणून लोक टाळतात, पण कमी दिसणाऱ्याला बहुतेक वेळा तोच बरा वाटतो. वीज वाचवायचा किंवा खोलीतल्या उजेडाप्रमाणे आपोआप मंद होण्याचा पर्याय असेल तर तो बंद करा, नाहीतर संध्याकाळी चित्र आपोआप अंधारतं आणि वाटतं डोळेच आणखी बिघडले.

सबटायटल वाचत असतील तर Accessibility मधलंच Captions किंवा Subtitles उघडून आकार मोठा आणि अक्षरांमागे काळी ठोस पट्टी ठेवा. पट्टी महत्त्वाची, नुसती पांढरी अक्षरं पांढऱ्या शर्टावर आली की गेली. काही अ‍ॅप टीव्हीचं हे सेटिंग पाळत नाहीत, त्यांच्यात सबटायटलचं स्वतःचं वेगळं सेटिंग असतं, तिथेही जाऊन बघावं लागतं.

झूम दोन प्रकारचा असतो

इथे गोंधळ होतो म्हणून सावकाश सांगते.

एक झूम चित्राचा, जो Picture Size किंवा Aspect Ratio मध्ये मिळतो. तो टीव्ही स्वतः आलेल्या चित्रावर करतो म्हणून सेट टॉप बॉक्सच्या चित्रालाही लागू होतो, हा त्याचा मोठा गुण. तोटा असा की तो चित्र ताणून कडा स्क्रीनच्या बाहेर ढकलतो. सगळ्यात आधी काय जातं, तर खालची सबटायटल आणि बातम्यांची पट्टी. झूम केल्यावर बातम्या लावून बघा, खालची ओळ अर्धी कापलेली दिसली तर एक पायरी कमी करा.

दुसरा भिंगासारखा झूम, जो स्क्रीनचा एक भाग मोठा करतो आणि तो भाग आपण बाणांनी हलवतो. अ‍ॅपल टीव्हीवर Accessibility मध्ये Zoom चालू केलं की रिमोटच्या गोल पॅडवर तीनदा दाबलं की मोठं, परत तीनदा दाबलं की मूळचं. फायर टीव्हीवर याचं नाव Screen Magnifier, बॅक आणि फास्ट फॉरवर्ड ही दोन बटनं एकत्र दाबून धरली की चालू होतं, मग मेनूचं बटन धरून फास्ट फॉरवर्ड दाबलं की आणखी मोठं, मेनू धरून रिवाइंड दाबलं की लहान, आणि मेनू धरून बाण दाबले की भिंग सरकतं. वाचायला अवघड वाटतं पण हाताला चार वेळात बसतं. एलजीच्या काही मॉडेलमध्ये फक्त मेनूपुरतं भिंग असतं. गूगल टीव्हीच्या कित्येक मॉडेलवर असं भिंग नसतंच, तिथे Text scaling आणि खुर्ची यांच्यावरच भागवावं लागतं. मावशीचा टीव्ही गूगलचाच आहे, म्हणून तर खुर्चीवर एवढा भर दिला.

भिंग मेनू वाचायला चांगलं, सिनेमा बघायला नाही. स्क्रीनचा चौथा हिस्साच दिसत असेल आणि बोलणारा माणूस दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर त्याच्या मागे मागे भिंग फिरवत बसावं लागतं, पाच मिनिटात हात दुखतो आणि गोष्ट निसटते. वाचायपुरतं चालू करायचं आणि बंद करायचं.

शेवटी स्क्रीन रीडर

याला प्रत्येकाने वेगळं नाव दिलंय म्हणून नवीन माणसाला सापडत नाही. गूगल टीव्हीवर TalkBack, सॅमसंगवर Voice Guide, एलजीवर Audio Guidance, फायर टीव्हीवर VoiceView, अ‍ॅपल टीव्हीवर VoiceOver. काम एकच, रिमोटचे बाण दाबत जाल तसं ज्या गोष्टीवर आपण उभे आहोत तिचं नाव तो बोलतो. अख्खी स्क्रीन वाचून दाखवेल ही अपेक्षा ठेवू नका. बातम्यांची पट्टी, चित्रातच छापलेली सबटायटल, जाहिरातीतला मजकूर, हे सगळं चित्र आहे, ते तो वाचत नाही.

चालू केल्यावर आधी आवाजाचा वेग कमी करा. गूगल टीव्हीवर हे Accessibility मधल्या Text-to-speech मध्ये आहे, सॅमसंगवर Voice Guide Settings मध्ये, आणि सॅमसंगवर बोलताना मागच्या कार्यक्रमाचा आवाज किती ठेवायचा हेही तिथेच ठरवता येतं, ते जरूर कमी करा. मूळ वेगाने मावशीला काही म्हणजे काही कळत नव्हतं, ती म्हणाली "हा माझ्याशी बोलत नाहीये, घाईत कुठेतरी निघालाय." वेग उतरवल्यावर पहिल्यांदा तिने स्वतः होम पेजवरून सरकत जाऊन तिचं भजनाचं अ‍ॅप शोधलं. मी काही बोलले नाही, नुसती बसून होते.

भाषेचं बघा. Text-to-speech मध्ये मराठी आवाज यादीत आहे का ते आधी तपासा. असला तर टीव्हीच्या मेनूची भाषाही मराठी करता येते का बघा, कारण मेनू इंग्लिशमध्ये आणि आवाज मराठीचा अशी जोडी झाली की उच्चार विचित्र येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपल्या कानात दोष आहे. दोन्ही एका भाषेत ठेवा, मग ती कुठलीही असो.

आता ज्या तीन ठिकाणी हे अडतं ते सांगते.

चालू केलं पण आवाजच नाही. बाहेरचा साउंडबार किंवा ब्लूटूथ स्पीकर लावला असेल तर आधी टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर आणून बघा. तिथे बोलला तर स्क्रीन रीडर ठीक आहे, गडबड आवाज बाहेर पाठवण्यात आहे.

होम पेजवर छान बोलतो आणि एखाद्या अ‍ॅपमध्ये शिरलं की नुसतं "बटन, बटन, बटन" म्हणतो किंवा मुकाच होतो. ते अ‍ॅप बनवणाऱ्यांनी बटनांना नावंच दिलेली नसतात, मग वाचणार काय. टीव्हीत काही करून हे सुटत नाही. मावशीच्या एका अ‍ॅपचं असंच आहे, तिथे आम्ही मोजून पाठ केलं, वरून खाली दोन आणि उजवीकडे एक. अ‍ॅप अपडेट झालं की ही मोजणी बदलते, तेव्हा परत मोजावी लागते. तेच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये मिळत असेल तर सरळ ते वापरा.

आणि तिसरं, नको असताना चालू होणं. गूगल टीव्हीवर बॅक आणि खालचा बाण ही दोन बटनं एकत्र थोडा वेळ दाबून धरली की TalkBack चालू किंवा बंद होतो. फायर टीव्हीवर बॅक आणि मेनू दोन सेकंद. रोकूवर स्टारचं बटन भराभर चार वेळा. रिमोट उशीखाली दाबला गेला की हे आपोआप होऊ शकतं. मावशीकडे एकदा पाहुण्यांसमोर टीव्ही एकदम बोलायला लागला, कोणीतरी घाबरून प्लग काढला, परत लावला तर तो परत बोलतोच आहे. साहजिक आहे, ते सेटिंग आहे, प्लग काढून जात नाही, ज्या बटनांनी चालू झालं त्याच बटनांनी बंद करायचं. घरातल्या सगळ्यांना ही दोन बटनं माहीत हवीत, नाहीतर कोणीतरी वैतागून Accessibility मधलं सगळंच बंद करून टाकतं आणि ज्याला गरज आहे त्याचा टीव्ही परत मुका होतो.

रिमोट हाताला कळला पाहिजे

एवढं सगळं करून रिमोटवरची बटनं दिसली नाहीत तर अडलंच. आकड्यांचा रिमोट असेल तर 5 वर बहुधा बारीक उंचवटा असतो, तिथून बाकीचे आकडे मोजता येतात. नव्या छोट्या रिमोटवर आकडेच नसतात, तिथे होमच्या बटनावर एक फुगीर स्टिकर चिकटवा, त्या माणसाला जे बटन सगळ्यात जास्त लागतं त्यावर दुसरा. दोनापेक्षा जास्त लावू नका, सगळीकडे लावले की परत सगळं सारखंच लागतं. सॅमसंगवर Learn TV Remote म्हणून एक आहे, ते चालू केलं की दाबाल त्या बटनाचं नाव टीव्ही सांगतो आणि काम काही करत नाही, म्हणजे चुकीची भीती न बाळगता बोटं फिरवता येतात. बाहेर यायला रिटर्नचं बटन दोनदा. इतर टीव्हीवर हे नसेल तर शेजारी बसून आपणच नाव सांगायचं.

टाइप करायची वेळ आली, शोधायचं काही किंवा पासवर्ड, तर स्क्रीनवरचा कीबोर्ड बाणांनी फिरणं फार कंटाळवाणं आहे. गूगल टीव्हीला फोनवरून रिमोट म्हणून जोडता येतं आणि फोनच्या कीबोर्डने टाइप करता येतं. ज्यांनी फोनवर मोठी अक्षरं किंवा टॉकबॅक आधीच लावलाय त्यांना तीच सवय इथे कामाला येते.

सिनेमा मालिका बघताना एक शेवटचं बघा. चालू व्हिडिओत ऑडिओ किंवा भाषेचा जो पर्याय असतो तिथे कधी कधी Audio Description लिहिलेलं सापडतं. त्यात संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय चाललंय ते एक माणूस सांगतो, ती खोलीतून उठून गेली, त्याने पत्र फाडलं, असं. हा स्क्रीन रीडर नाही, त्याचा आणि TalkBack चा काही संबंध नाही, आणि ज्या कार्यक्रमासाठी तो ट्रॅक बनवलाय त्यालाच मिळतो.

सगळं मनासारखं झालं की फोनने त्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. टीव्ही रीसेट करायची वेळ आली किंवा मोठ्या अपडेटनंतर काही हललं तर परत शून्यातून लावावं लागत नाही. मी मावशीकडे एका जाड पुठ्ठ्यावर काळ्या मार्करने बोटभर उंच अक्षरात लिहून ठेवलंय, "बोलणं चालू बंद: बॅक आणि खालचा बाण, दोन्ही धरा", तो पुठ्ठा रिमोटच्या टोपलीत असतो. ती तो वाचत नाही, तिला आता पाठ आहे. घरी येणारे बाकीचे वाचतात.